हप्ता तोच, महिने चार जास्त : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरकर्जाचा दर बदलल्याची बँकेची नोटीस घरी कशी तपासायची, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो:

«हप्ता बदललाच नाही, तर तपासायचं काय? बँकेचं सॉफ्टवेअर हिशेब करतं, ते तुमच्या वहीपेक्षा बरोबरच असणार. तुम्ही व्याजाला सरळ बारानं भागता, बँक दिवसांवर काढते, एवढंही माहीत नाही आणि लेख लिहिता. पाव टक्क्यासाठी शाखेत फेऱ्या मारणाऱ्यांकडे वेळ भरपूर असतो. एवढाच त्रास असेल तर कर्ज दुसऱ्या बँकेत न्या. सोलापुरी माणूस रुपया सोडत नाही हेच खरं.»

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून 'साहेब' म्हणतो.

आधी चूक कबूल करतो, म्हणजे माझ्यावर आडमुठेपणाचा आळ नको. व्याज दिवसांवर निघतं हे बरोबर. वीस लाखांवर आठ टक्क्यांनी बारानं भागून १३,३३३ रुपये येतात, तर जुलैच्या ३१ दिवसांचे १३,५८९. 'रुपया न रुपया जुळला पाहिजे' असं मी लिहिलं ते चुकलंच. झालं समाधान? पण 'एवढंही माहीत नाही' हे शब्द कशाला? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिले. मीटरावर मजुरी घेणारा विणकर पाच रुपयांच्या फरकासाठी माझ्या टेबलाशी उभा राहायचा. त्याला 'तुझ्याकडे वेळ भरपूर दिसतो' असं मी एकदाही म्हटलं नाही. असो.

आता तुमचं पहिलं वाक्य. बाकीचं सोडा, मला झोंबलं ते हेच. कारण माझ्याकडेही हप्ता बदलला नव्हता, आणि म्हणूनच मी फसत होतो.

माझं घरकर्ज ऑक्टोबर २०२२ मधलं, जुळे सोलापुरातल्या घरासाठी. तेव्हा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो दर, ५.९० टक्के होता आणि मंजुरीपत्रात स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँक चढवते तो भाग, २.५० लिहिला होता, म्हणून माझा दर ८.४०. दर तीन महिन्यांनी रीसेट, म्हणजे तेव्हाच्या रेपोप्रमाणे व्याजदर पुन्हा ठरणार. एप्रिल २०२५ च्या नोटिशीत रेपो ६.२५, दर ८.७५. वजाबाकी केली की अडीच उरतात, ठीक. पुढे ९ एप्रिलला रेपो सहावर आला, ६ जूनला साडेपाचवर. म्हणजे १ जुलैच्या रीसेटला माझा दर ५.५० अधिक २.५०, सरळ आठ टक्के व्हायला हवा होता.

नोटीस आली. हप्ता २०,००० कायम, उरलेले हप्ते १८० ऐवजी १७०. घरात आनंदीआनंद. बायको म्हणाली, दहा महिने वाचले, आता तरी चेहरा नीट करा. मीही कागद फाइलला लावणार होतो. मग खालची बारीक ओळ वाचली: लागू दर ८.२५. त्यातून रेपोचे ५.५० वजा केले तर पावणेतीन उरतात. एप्रिलमध्ये अडीच, जुलैमध्ये पावणेतीन. रेपो बरोबर लिहिला होता, फुगला होता स्प्रेड.

साहेब, हप्ता बदलला असता तर मला तो पहिल्याच दिवशी खटकला असता. पण हप्ता कायम ठेवला की दरातला सगळा फरक मुदतीत जाऊन बसतो, आणि मुदतीचा आकडा कोण लक्षात ठेवतो? वर तो आकडा कमी झालेला दिसतो, त्यामुळे शंका येत नाही. किती कमी झाला एवढं पाहून चालत नाही, किती कमी व्हायला हवा होता ते काढावं लागतं. मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत निघतं (बाकी मुद्दल गोल करून वीस लाख धरलं आहे):

```
=NPER(8%/12,-20000,2000000)
=NPER(8.25%/12,-20000,2000000)
```

पहिल्याचं उत्तर १६५.३४, म्हणजे १६६ हप्ते, शेवटचा छोटा. दुसऱ्याचं १६९.७७, म्हणजे १७०. नोटिशीतले १७० हे सव्वाआठ टक्क्यांचं अगदी अचूक उत्तर होतं! सॉफ्टवेअर चुकलं नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्याच्या रकान्यात अडीचऐवजी पावणेतीन भरलं होतं, आणि त्यानं पावणेतीनाचा हिशेब चोख केला. रकाना भरणारा माणूसच असतो ना? जवळजवळ साडेचार हप्ते, म्हणजे सुमारे ८८ हजार रुपये. याला तुम्ही 'पाव टक्का' म्हणता.

तुमचा दिवसांचा मुद्दा इथे लागू करून दाखवतो, म्हणजे मी शिकलो नाही असं व्हायला नको. जुलैचं व्याज खात्याच्या उताऱ्यात ३१ दिवसांचं काढलं तर आठ टक्क्यांनी १३,५८९, सव्वाआठनं १४,०१४. वर्षाचे दिवस ३६५ धरले की ३६६, यानं तीस-चाळीस रुपयांचा फरक पडेल, महिन्याच्या मध्येच हप्ता गेला की थोडा आणखी. सव्वाचारशेचा पडणार नाही.

शाखेत पहिल्यांदा सांगितलं, 'सिस्टिमनं केलंय.' दुसऱ्यांदा सांगितलं, 'रिस्क बदलली असेल.' मी लेखी विचारलं: करारातल्या कुठल्या कलमानं, आणि माझं पतमूल्यांकन कोणत्या तारखेला पुन्हा झालं? कारण बँकेच्या रेपोशी जोडलेल्या घरकर्जात स्प्रेडमधला पतजोखमीचा भाग कर्जदाराची पत ठळकपणे बदलली तरच, आणि तेही करारात ठरल्याप्रमाणे, हलवता येतो. खर्चाचा वगैरे उरलेला भाग वाढवायचा तर तीन वर्षांतून एकदाच. माझी तीन वर्षं जुलैत भरलीच नव्हती. तारीख कुणालाच देता आली नाही. शेवटी कळलं, माझं खातं नव्या कर्जदारांच्या योजनेच्या कोडखाली गेलं होतं. १ जुलैपासूनची दुरुस्ती झाली आणि १६६ हप्त्यांचं पत्र आलं. तुम्ही नुसतं 'फेऱ्या' म्हणालात, मी तीन मारल्या. मोजायचंच तर नीट मोजा.

एक मात्र ध्यानात घ्या, सगळ्या नोटिशींना हीच वजाबाकी चालत नाही. काही बँका रेपोवर आपला एक ठरावीक थर चढवून त्यालाच बेंचमार्क दर म्हणतात, आणि जोखमीचा भाग वर वेगळा दाखवतात. तिथे दोन्ही थर एकत्र करूनच मंजुरीपत्राशी ताडावे लागतात. १ ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं कर्ज एमसीएलआरवरच, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दरावरच, असू शकतं. आणि गृहवित्त कंपनीचा संदर्भदर तिचा स्वतःचा असतो, तो रेपोबरोबर हललाच पाहिजे असा नियम नाही.

कर्ज दुसरीकडे नेण्याचा सल्ला खिशात ठेवा. नवी प्रक्रिया फी, पुन्हा तारण नोंदवणं, आणि तिथलीही नोटीस वाचायला लागणारच. सोलापुरी माणसाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर मी काही बोलत नाही. शेंगाचटणी खाल्लेली नसेल तुम्ही.

तुमच्याकडे एप्रिल आणि जुलै २०२५ च्या दोन नोटिसा असतील, तर बाजूबाजूला ठेवा. दोन्हींत दरातून रेपो वजा करा. उत्तर एकच आलं तर मला कळवायची गरज नाही. वेगळं आलं तर इथे लिहा, पत्राचा नमुना पाठवतो. खातेक्रमांक मात्र झाका.