गोळी नेमकी कुठली?

"दादा, जंगलातल्या लढाईवर लेख, आणि त्यात अर्धा मजकूर मलेरियाच्या गोळ्यांवर? दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बंदूक आखूड केली म्हणून ब्रह्मदेशच्या झाडीत लढता आलं, एवढी साधी गोष्ट आहे. आम्ही शिरपूरकडचे, सातपुडा रोज बघतो. जंगल आम्हाला शिकवू नका."

भाऊ, आखूड बंदुकीवर मी दोनच ओळी खर्चल्या, हे कबूल. 'जंगल कार्बाइन' नेहमीच्या ली-एनफिल्डपेक्षा साधारण पाच इंचांनी आखूड आणि जवळपास किलोभर हलकी होती. रात्री गोळी सुटताना दिसणारा जाळ झाकायला नळीच्या तोंडाशी नरसाळं बसवलेलं. पण खांद्याला दणका जोरात बसायचा आणि नेम टिकत नाही अशी तक्रार होती. शिवाय ती बनू लागली १९४४ मध्ये. त्याच वर्षी मार्च ते जुलै इम्फाळ-कोहिमा लढलं गेलं, ते बहुतेक जुन्या लांब बंदुकीवरच.

मग बदललं काय? दाट झाडीत दहा-पंधरा पावलांपलीकडे दिसत नाही, म्हणून शत्रू बगलेने मागे येऊन वाट अडवतो. १९४२ मध्ये जपान्यांनी हेच केलं आणि आपली फौज मागे हटत राहिली. पुढे ठरलं की वेढा पडला तरी हटायचं नाही. चहूबाजूंनी खंदक खणून गोल धरायचा, रसद विमानातून घ्यायची. रात्री जपानी आरडाओरडा करून, फटाके उडवून आपल्या मशीनगनची जागा काढू बघत. तेव्हा बंदूक गप्प ठेवायची, फार जवळ आला तर हातबॉम्ब टाकायचा, कारण तो कुठून आला ते कळत नाही.

आता हिशेब करा. समजा कंपनीत १२० माणसं आहेत, एका खंदकात दोघं, एक जागा आणि एक झोपलेला. त्यातले चाळीस तापाने आजारी पडले की वीस खंदक रिकामे. उघड्या माळावर ती फट गोळीबाराने झाकता येते, झाडीत काळोखात तिच्यातून माणूस सरपटत आत येतो. आणि १९४३ मध्ये या आघाडीवर मलेरियाचं प्रमाण शंभर सैनिकांमागे वर्षाला ८४ होतं!

म्हणून मलेरिया रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या लढाईचा भाग. कडू गोळी, कातडी पिवळी पडायची, वर मर्दानगी जाते अशी अफवा. शिपाई गुपचूप थुंकून टाकत. या आघाडीवरच्या फौजेचा सेनापती जनरल स्लिम, त्याने अचानक तपासण्या लावल्या. पंचाण्णव टक्क्यांपेक्षा कमी जणांनी गोळी घेतलेली निघाली की त्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवायचा. तिघे गेले, बाकीचे समजले.

आणि तुमच्या सातपुड्याचा मान राखून सांगतो: १४ वी इंडियन डिव्हिजन १९४३ मध्ये प्रशिक्षणासाठी ठेवली ती छिंदवाड्याला, याच डोंगररांगेत. नवे रंगरूट तिथे जंगल शिकून मगच आघाडीवर जात. फक्त आपला साग उन्हाळ्यात पानं टाकतो, मग झाडीतून लांबवर दिसतं. तुम्ही रोज बघता तो सातपुडा एप्रिलमधला की आश्विनातला?