बर्फ नको, मेणबत्ती द्या

लॅबच्या मागणीपत्रात मी दर खेपेला 'साध्या पांढऱ्या मेणबत्त्या' असं लिहिते आणि दर खेपेला स्टोअरचे साहेब त्यावर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवतात. त्यांचंही चुकत नाही. "मैडम, जनरेटर है, इन्व्हर्टर है, मोमबत्ती किसलिए?" असं ते इंदुरी आपुलकीने विचारतात. मी म्हणते, जंतूंसाठी. मग ते माझ्याकडे असं बघतात की आता यांना रजेची गरज आहे. शेवटी मंजुरी मिळते आणि हातात पडतात त्या दिवाळीत उरलेल्या, गुलाबी, नक्षीदार, चमेलीच्या वासाच्या. त्या परत करताना साहेबांचा चेहरा पडतो. एवढी भारी वस्तू दिली, तरी बाई नाखूश!

आमच्याकडे जंतू वाढवायला कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर आहे. नाही असं नाही. फक्त त्याचं सिलिंडर रिकामं आहे, आणि नव्या सिलिंडरची फाइल कुठल्याशा टेबलावर सही होण्याची वाट बघतेय. मेणबत्तीला फाइल लागत नाही. रुंद तोंडाच्या बरणीत प्लेटा रचायच्या, तळाला ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा, सगळ्यात वर मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावायचं. थोड्या वेळाने ती आपोआप विझते. आतला प्राणवायू संपला म्हणून विझली, असं पुष्कळांना वाटतं. पण प्राणवायू बराच शिल्लक असतो, ज्योतच हार मानते. तोवर बरणीत साधारण 3 टक्के कार्बन डायऑक्साइड जमलेला असतो. इन्क्युबेटर 5 ते 10 टक्के देतो, तेव्हा मेणबत्ती थोडी कमीच पडते, पण आमचं काम भागतं. वासाच्या आणि रंगीत मेणबत्त्यांचा धूर मात्र जंतूंना बाधू शकतो. म्हणून साधी, पांढरी, बिनवासाची. एवढंच मागणं आहे हो.

हे सगळे लाड नायसेरिया नावाच्या घराण्याचे. त्यातला मेनिंजोकोकस मेंदूच्या आवरणाला सूज आणतो आणि धडधाकट माणसाला एका दिवसात अत्यवस्थ करू शकतो. त्याचा भाऊ गोनोकोकस परम्याचा रोग देतो. तो 1879 साली आल्बर्ट नायसरला सापडला आणि घराण्याला आडनाव मिळालं. शरीरात एवढी दांडगाई करणारी ही जमात शरीराबाहेर पडली की आमच्या रामबागेतल्या आत्यासारखी होते. आत्यांना गार सोसत नाही, कोरडं सोसत नाही, खिडकी उघडली की "हवा लागते", आणि जेवण मऊ नि गरम लागतं. यांचंही तेच. बंद, दमट, कोंदट हवा पाहिजे. जेवणाला चॉकलेट अगार नावाची जेली पाहिजे. त्यात चॉकलेटचा कणही नसतो; अगार गरम असतानाच, साधारण 75 ते 80 अंशांवर, त्यात मेंढीचं रक्त घालून हलवत राहिलं की तांबड्या पेशी फुटतात, आतलं सत्त्व बाहेर येतं आणि सगळं तपकिरी होतं. माझ्या भाचीला हे कळलं त्या दिवसापासून तिने लॅब बघायचा हट्ट सोडला.

दोघा भावांतला गोनोकोकस जास्त हट्टी. कार्बन डायऑक्साइड नसेल तर पहिल्या खेपेला तो उगवतच नाही. मेनिंजोकोकस त्यामानाने शहाणा, साध्या ब्लड अगारवरही येतो, पण त्या कोंदट हवेत जास्त खुलतो. मेंदूच्या सुजेच्या संशयाने पाठीतून काढलेल्या पाण्याचा नमुना आला की आत कोण बसलंय हे आधी ठाऊक नसतं. हिमोफिलस नावाचा तिसराच जंतू असेल तर त्याला चॉकलेट अगारच लागतं. म्हणून आम्ही दोन्ही प्लेटांवर लावतो आणि दोन्ही बरणीत टाकतो.

इथपर्यंतचा सगळा त्रास माझ्या चार भिंतींच्या आतला. खरा ताप असतो तो नमुना माझ्यापर्यंत येण्याचा. शहरातल्या तमाम सिस्टर, वॉर्डबॉय आणि नातेवाइकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे: सॅम्पल म्हणजे फ्रिज. आणि हे त्यांना शिकवलंय कोणी? आम्हीच. लघवी फ्रिजमध्ये ठेवा, हे आम्हीच कानीकपाळी ओरडून सांगतो, कारण बाहेर राहिली तर त्यात जंतू वाढत जातात आणि खोटा रिपोर्ट येतो. नायसेरियाच्या बाबतीत नेमकं उलटं. याच्या अंगातच स्वतःची भिंत विरघळवणारी पाचकद्रव्यं असतात. परिस्थिती बिघडली की तो स्वतःलाच संपवतो. गार झाला की तर लगेच. त्यामुळे पाठीचं पाणी जंतूंच्या तपासणीसाठी असेल तर फ्रिज नाही, बर्फ नाही, आणि शक्यतो तासाभराच्या आत लॅबमध्ये.

तरीही नमुने येतात थर्माकोलच्या डब्यात, बर्फावर, शेजारी कोणाची तरी इन्सुलिनची बाटली. मग गंमत बघा. स्लाइडवर जंतू दिसतात, कारण मेलेला जंतूही रंग घेतो. प्लेटवर मात्र दोन दिवस, तीन दिवस वाट बघूनही काही नाही. अँटिबायोटिक आधी गेलं असेल तरी असंच होतं, म्हणून मी फोन करून पहिला डोस केव्हा दिला ते विचारते. "डोस तो बाद में दिया, मैडम. सैंपल अपन ने बराबर ठंडा रखा था." पुढे काय बोलणार? आणि जंतू हाती आला नाही की कुठलं औषध त्याला लागू पडतं, तो कुठल्या गटाचा, हे काहीच सांगता येत नाही. वर डॉक्टर म्हणतात, तुमच्या लॅबमध्ये कधी काही उगवतच नाही.

अशात रंगपंचमी आली. इंदूरची रंगपंचमी ज्याने पाहिली नाही त्याला सांगून उपयोग नाही. गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, राजवाड्याच्या चौकात पाय ठेवायला जागा नसते, टँकरमधून रंगाचे फवारे उडतात, गुलालाने वरचं आभाळ दिसेनासं होतं. भर दुपारी फोन आला. राजवाड्याच्या पलीकडच्या एका नर्सिंग होममध्ये हॉस्टेलवरचा एक मुलगा, सणसणून ताप, मान ताठ, पायांवर बारीक जांभळे ठिपके. पाठीतून पाणी काढलंय, अँटिबायोटिकचा पहिला डोस लगेच दिलाय. हे उत्तमच केलं होतं. औषध रिपोर्टसाठी थांबवायचं नसतं. मी म्हटलं, ताई, दुसरी नळी माझी, ती फ्रिजमध्ये ठेवू नका. पलीकडे शांतता. मग, "ठेवली होती, आत्ताच. काढते." दोन मिनिटंच झाली होती म्हणे. मी देवाचं नाव घेतलं.

नळी आणणाऱ्या पोराला मी फोनवरच सांगितलं की शर्टाच्या आतल्या खिशात ठेव, अंगाच्या उबेला, आणि स्कूटरच्या डिक्कीत अजिबात नको, कारण मार्चच्या उन्हात डिक्की तापते आणि गरमीनेही हा मरतो. "टेंशन मत लो मैडम, दिल से लगा के लाऊँगा." रस्ते बंद होते. पोरगा गल्लीबोळांतून, एके ठिकाणी पायी, स्कूटर ढकलत आला. तास जवळजवळ भरत आला होता. दारात उभा राहिला तो कोण आहे हेच कळेना. डोक्यापासून पायांपर्यंत हिरवा, दात तेवढे पांढरे. आतल्या खिशातून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नळी काढली. लेबलाला रंगाचा थेंबही नाही. आतलं पाणी मात्र गढूळ. "रंग अंदर नहीं गया मैडम, कसम से," तो घाबरून म्हणाला. निरोगी माणसाचं हे पाणी नितळ असतं. गढूळपणा पू-पेशींचा होता. त्याला चहा दिला. कपावरचा हिरवा अंगठा अजून धुवून निघालेला नाही.

आमचे काका, म्हणजे लॅबचे जुने टेक्निशियन, यांनी प्लेटा आधीच फ्रिजमधून काढून ठेवल्या होत्या. हेही लोक विसरतात: रुग्णाच्या अंगच्या उबेत सांभाळून आणलेला जंतू थंडगार प्लेटवर घासला तर सगळं मुसळ केरात. नळी फिरवून तळाचा गाळ घेतला. त्याची एक स्लाइड केली, बाकीचा सेफ्टी कॅबिनेटमध्ये हात घालूनच प्लेटांवर पसरला, मेणबत्ती पेटवली, झाकण लावलं. स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली. पू-पेशींच्या पोटात गुलाबी जोड्या, सपाट बाजू एकमेकींकडे, फुगीर बाजू बाहेर. नर्सिंग होमला तेवढ्यावरच फोन केला. जंतू उगवायची वाट बघत बसायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चॉकलेट अगारवर करड्या, गुळगुळीत, ओलसर चमकणाऱ्या वसाहती होत्या. एक लाकडी काडीने उचलून नायसेरियाची खूण पटवणाऱ्या ऑक्सिडेजच्या कागदावर घासली, दहा सेकंदांच्या आत जांभळी. काडी लाकडीच, कारण आमची नेहमीची नायक्रोम तार स्वतःच कागद जांभळा करते आणि माणूस उगाच हुरळतो. पुढे साखरांची चाचणी: ग्लुकोज आणि माल्टोज दोन्ही वापरले, म्हणजे मेनिंजोकोकसच, गोनोकोकस माल्टोजला तोंड लावत नाही. हॉस्टेलच्या खोलीतल्या मुलांना बचावाच्या गोळ्या स्लाइडचा फोन गेल्यावरच सुरू झाल्या होत्या. मुलगा आठवड्याने उठून बसला आणि पोहे मागू लागला. वरून शेव जास्त. इंदूरचा माणूस बरा झाल्याची याहून खात्रीची खूण वैद्यकशास्त्रात नाही.

मी त्या उत्साहात नर्सिंग होमला एक कागदच लिहून पाठवला. पाठीचं पाणी फ्रिजमध्ये नको, हातोहात लगेच पाठवा, आणि देवास-धारकडून यायचं असेल तर जंतूंना वाटेत जिवंत ठेवणारी ट्रान्स-आयसोलेटची बाटली आमच्याकडून आधी घेऊन ठेवा, पाणी भरल्यावर ती साध्या तापमानाला चालते. ताईंनी तो भिंतीवर चिकटवला.

पुढच्या आठवड्यात तोच पोरगा आला, आता गोरागोमटा, विजयी चेहऱ्याने. शर्टाच्या आतल्या खिशातून त्याने लघवीची बाटली काढून टेबलावर ठेवली. चांगली कोमट होती. सकाळी सातची, आता बारा वाजले होते.

"मैडम, फ्रिज में बिल्कुल नहीं रखा," तो म्हणाला.