रेझ्युमेच्या कामाबद्दल आलेल्या एका अभिप्रायास केंद्रचालकाचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (१ स्टार): ‘रेझ्युमे फक्त नीट मांडून हवा होता. यांनी माझी वाक्ये बदलली, मुद्दे वर-खाली केले, वर प्रश्नांवर प्रश्न. दीडशेचे काम चारशेला आणि तेही दुसऱ्या दिवशी दुपारी. गिऱ्हाइकाला काय हवे ते कळत नसेल तर दुकान बंद करा.’

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या कामामुळे आपणास मनस्ताप झाला, याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. आपला अभिप्राय वाचूनच नवीन उमेदवार आमच्याकडे फाइल पाठवायची की नाही हे ठरवणार, म्हणून उत्तरही येथेच देणे मला भाग आहे. आपले नाव, शिक्षणसंस्था किंवा आजवरच्या कंपन्या यांचा उल्लेख मी करणार नाही.

आपण फाइल अपलोड केलीत तेव्हा सोबत एवढेच लिहिले होते: ‘नीट करून द्या, अर्जंट आहे.’ त्याखाली लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका औषधी रसायनांच्या कारखान्यातील क्वालिटी कंट्रोल केमिस्टच्या जागेच्या जाहिरातीचा फोटो होता. अशा मोघम निरोपामागे तीन निरनिराळी कामे असू शकतात. मांडणीच्या कामात आम्ही मजकुराच्या एका शब्दालाही हात लावत नाही. तपासणीत आम्ही फाइल वाचून शेरे लिहून देतो आणि दुरुस्ती उमेदवार स्वतः करतो. जाहिरातीनुसार जुळवणी करायची असेल, तर उमेदवाराने लिहिलेल्या माहितीतूनच त्या जागेला लागणारे मुद्दे पुढे आणावे लागतात, आणि त्यासाठी वाक्ये नव्याने लिहावी लागतात. यांपैकी कोणते काम आहे हे निरोपावरून कळत नसेल, तर फाइल आणि जाहिरात शेजारी ठेवून ठरवावे लागते. ते आम्ही कसे ठरवले, हे सांगतो.

निव्वळ जाहिरात जोडली आहे म्हणून जुळवणी करायची, असे आम्ही कधीही धरत नाही. दापोली, गुहागरकडची जहाजावर जाणारी मुले बहुतेक वेळा जाहिरात जोडूनच फाइल पाठवतात. पण त्या क्षेत्रात सीडीसी हे खलाशाचे नोंदपुस्तक, खलाशाचा इंडॉस क्रमांक, पूर्ण केलेले कोर्स आणि कोणत्या जहाजावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता याचा तक्ता, एवढेच आधी पाहिले जाते. तो तक्ता पूर्ण असेल तर शब्द बदलून काहीही साधत नाही, उलट तारीख चुकण्याचा धोका वाढतो. म्हणून जाहिरात असूनही ते काम आम्ही मांडणीचेच धरतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला बायोडेटा दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. तेथेही मजकूर युनिकोडमध्ये आणणे एवढेच काम असते.

आपल्या फाइलीसाठी आम्ही नेहमीची पद्धत वापरली. जाहिरातीतील अटी एकेक करून अधोरेखित केल्या आणि प्रत्येक अट रेझ्युमेत शोधली. अट स्पष्ट आणि पहिल्या पानावरच दिसत असेल, तर तिच्यासाठी काही करायचे नसते. अट पूर्ण होत आहे, पण ती कोपऱ्यात दडली आहे किंवा वेगळ्याच शब्दांत लिहिली आहे, असे असेल तर ते जुळवणीचे काम असते. अटीचा पत्ताच नसेल, तर उमेदवाराला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्या प्रकारच्या अटी जवळजवळ सर्व असतील तर मांडणी, दुसऱ्या प्रकारच्या जास्त असतील तर जुळवणी. बऱ्याच अटींचा पत्ताच नसेल, किंवा जाहिरातच नसेल आणि फाइल वाचून उमेदवाराला नेमके कोणते काम हवे आहे हेच उमगत नसेल, तर आम्ही आधी तपासणी सुचवतो.

आपल्या रेझ्युमेत रसायनशास्त्राची पदवी ठळक होती, तिचा प्रश्न नव्हता. जाहिरातीत सर्वांत आधी मागितलेला एचपीएलसी या तपासणीच्या उपकरणाचा अनुभव मात्र डाव्या निळ्या पट्टीत, एका रंगीत दांडीशेजारी केवळ नावापुरता होता. ती दांडी हे चित्र असते. ती पाहून आपण त्या उपकरणावर काय तपासले हे कोणालाही कळत नाही. अनुभवाखाली वाक्य होते, ‘क्यूसी विभागात सर्व उपकरणे हाताळली.’ स्टॅबिलिटी सॅम्पलचा, म्हणजे माल किती काळ टिकतो हे पाहण्यासाठी ठेवलेल्या नमुन्यांचा अनुभव ही जाहिरातीतील ठळक अट होती. आपण ते काम केलेले होते, पण त्याची ओळ दुसऱ्या पानाच्या तळाशी, ‘इतर माहिती’खाली, छंदांच्या वर होती. औषधनिर्मितीच्या जीएमपी नियमांनुसार कागदपत्रे ठेवण्याची अट होती. आपण ‘रोजची लॉगबुके आणि कॅलिब्रेशनच्या नोंदी भरल्या’ असे लिहिले होते. काम तेच, पण वाचणाऱ्याने ते स्वतः ओळखावे अशी अपेक्षा होती. अर्जांचा गठ्ठा समोर असलेला माणूस तेवढे थांबत नाही.

फाइलीत मांडणीचा दोषही होताच, हे मी नाकारत नाही. दोन रकान्यांच्या पीडीएफमधील सर्व मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवला, की रकाने कसे वाचले जातात ते कळते. आपल्या फाइलीत एचपीएलसीच्या पुढे नोकरीची वर्षे आणि त्यापुढे फोन नंबराचे अर्धे आकडे आले. अर्ज सॉफ्टवेअरने वाचला जात असेल, तर ते सॉफ्टवेअरही पुष्कळदा असाच घोटाळा करते. म्हणून प्रथम आम्ही एका रकान्याची साधी मांडणी केली, जुना आणि नवा मजकूर ओळीला ओळ लावून तपासला, आणि आपला एकही शब्द न बदललेली ती फाइल त्याच रात्री आपल्या मेलवर पाठवली. आपल्या अभिप्रायात या फाइलीचा उल्लेख नाही, आणि मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही आहे. आपल्याला जे हवे होते असे आपण म्हणता, ते त्या रात्रीपासून आपल्या मेलमध्ये आहे. रेझ्युमेवर दिलेला मेलचा पत्ता आपण नेहमी पाहत नसाल, तर तोच पत्ता कारखान्यालाही गेला आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे.

आता आमच्या प्रश्नांविषयी. जाहिरातीत जीसी या उपकरणाच्या हेडस्पेस पद्धतीचा अनुभव मागितला होता आणि आपल्या फाइलीत नुसते ‘जीसी’ होते. तयार मालात राहिलेल्या सॉल्व्हंटची तपासणी बहुधा हेडस्पेसवर होते, त्यामुळे आपण ते काम केले असण्याची शक्यता होती. पण शक्यता आहे म्हणून रेझ्युमेत लिहून टाकणे हे आमच्या केंद्रात चालत नाही. मुलाखतीत त्यावर पहिला प्रश्न आला असता तर उत्तर आपल्याला द्यावे लागले असते. मांडणीच्या कामात विचारण्यासारखे फारसे काही नसते. जुळवणीत मात्र न विचारता पुढे जाणारा माणूस एक तर मुद्दा सोडून देतो किंवा खोटे लिहितो. आम्ही आपल्याला दोनच गोष्टी विचारल्या होत्या: हेडस्पेसवर काम केले आहे का, आणि स्टॅबिलिटीचे सॅम्पल आपण स्वतः तपासत होता की फक्त नोंदी ठेवत होता.

हे प्रश्न आणि दर एकाच निरोपात होते. मांडणी १५० रुपये, जुळवणी ४०० रुपये, आपल्या फाइलीला जुळवणी लागेल असे वाटते, चालेल का, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्यावर आपण अंगठ्याचे चिन्ह पाठवलेत. दराला होकार मिळाला म्हणून आम्ही काम हाती घेतले. प्रश्नांची उत्तरे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा, आमचा फोन गेल्यानंतर मिळाली. त्यानंतर तासाभरात फाइल पूर्ण झाली. ती दुपारी पोहोचली हे खरे आहे, आणि अर्जाची मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती हेही खरे आहे. त्या सकाळी आमच्या भागात वीज नव्हती, पण उशीर त्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही, कारण आपले उत्तर येईपर्यंत वीज आली होती.

बदललेल्या वाक्यांत आपण न सांगितलेली एकही गोष्ट नाही. ‘सर्व उपकरणे हाताळली’ याऐवजी एचपीएलसीवर कच्च्या आणि तयार मालाची तपासणी केल्याचे लिहिले, ते आपल्याच फाइलीतील दोन ओळी जोडून. स्टॅबिलिटीची ओळ पहिल्या पानावर आणली आणि आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे ‘नोंदी’च्या जागी ‘तपासणी व नोंदी’ केले. हेडस्पेसवर काम केले नाही असे आपण सांगितल्यावर तो मुद्दा घातला नाही. जुळवणीची मर्यादा येथेच संपते. नसलेला अनुभव आम्ही देऊ शकत नाही.

दुकान बंद करण्याविषयी आपण जे लिहिले, त्याबद्दल थोडे बोलणे आवश्यक वाटते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बाजारपेठेतील असंख्य दुकानांप्रमाणे आमचे संगणक आणि झेरॉक्स मशीनही पाण्याखाली गेले. कर्ज काढून हे केंद्र पुन्हा उभे केले आहे आणि त्यावर दोन घरे चालतात. काम न आवडल्यास तसे जरूर लिहावे, तो आपला हक्कच आहे. पण दर कबूल करून, पाठवलेली फाइल न उघडता असा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही.

यापुढे फाइल घेतानाच कामाचा प्रकार अधिक स्पष्टपणे विचारण्याची काही सोय करण्याचा आमचा विचार आहे, आणि होकार अंगठ्याऐवजी शब्दांत घेण्याचाही प्रयत्न राहील. आपण कारखान्याला त्या रात्रीची साधी मांडणीची फाइल पाठवली असेल, तर दीडशे रुपयेच धरून उरलेले २५० रुपये परत देण्यात येतील. केंद्रावर यावे किंवा फोन करावा. जुळवलेली फाइल पाठवली असेल, तर चारशे रुपये हा तिचा रास्त दर आहे. मुलाखतीचे बोलावणे आले, तर कोणती फाइल घेऊन जायची ते आधी पाहून घ्यावे, कारण दोन्ही फाइलींत स्टॅबिलिटीच्या कामाचे वर्णन वेगवेगळे आहे आणि कारखान्याकडे जी गेली आहे तीच आपल्या हातात असली पाहिजे.

आपला विश्वासू,
केंद्रचालक, चिपळूण