माल्टच्या पेयातली प्रथिने नेमकी किती?

“रात्रीच्या जेवणाऐवजी दुधातून माल्टची पावडर घेतली तर चरबी कमी होईल का?”

दिवसभराच्या एकूण कॅलरी घटल्या तरच होईल, आणि या पेयाने ते अवघड जाते. अशा पावडरीच्या डब्यावर १०० ग्रॅममागे साधारण ३८० कॅलरी आणि जेमतेम ७ ग्रॅम प्रथिने लिहिलेली आढळतात. म्हणजे २० ग्रॅम पावडरीतून सुमारे ७६ कॅलरी मिळतात, प्रथिने मात्र दीड ग्रॅमही नाहीत, आणि पेल्यातली बाकीची सगळी दुधाची असतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे साखर आणि तिच्यासारखेच झटपट पचणारे माल्टोडेक्स्ट्रिन व लिक्विड ग्लुकोज वेगवेगळे छापल्याने यादीत खाली दिसत असले तरी ते एकत्रच धरावेत. शिवाय पातळ पेयाने पोट फार वेळ भरलेले राहत नाही. मला विचाराल तर मुगाची उसळ आणि दही हे जेवण कधीही उजवे.