गव्हाएवढा चुना

सातव्या महिन्याचं पोट घेऊन सांगलीतल्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसलं की तुमची पिशवीसुद्धा सार्वजनिक होते. परवा शेजारच्या काकूंनी माझ्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट उपसलं, चष्मा नाकावर सरकवला आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं वाचलं, "बाराशे पन्नास! म्हशीला देत्यात का काय गं एवढं?"

मी म्हटलं, काकू, ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यातलं खरं कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच.

"म्हंजे निम्म्याहून जास्त भुकटीच की! त्यापरास विड्याच्या पानावर गव्हाएवढा चुना खा. माझी तिन्ही त्याच्यावर झाली." तिघांपैकी एक सोबत होता. तो चाळिशीचा गृहस्थ मान खाली घालून मोबाईल बघत होता. "आन् त्या गोळीनं डोकं मोठं हुतं बाळाचं. मग सिझर."

डोकं गोळीनं मोठं होत नाही. आणि चुना तोंड पोळवतो, शिवाय गहू कुणाचा, खपली की लोकवन, यावर मात्रा ठरणार! पण हे बोलायला उसंत कुठली? काकू पालकावर पोचल्या होत्या. पालकात कॅल्शियम आहे खरं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं, अंगाला फारसं लागतच नाही. त्यापेक्षा नाचणीची भाकरी, दही, तीळ बरे.

गरोदरपणी रोज 1000 मिलिग्रॅम लागतं. दोन मोठे पेले दुधात जेमतेम निम्मं होतं. मला तर दुधाच्या वासानंच उलटी येते. उरलेलं कुठून आणायचं, कृष्णेच्या पाण्यातून? म्हणून तर सरकारी कार्यक्रमातच चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत दिवसाला दोन गोळ्या आहेत, थोड्या ड जीवनसत्त्वासकट. ड जीवनसत्त्व जेवणातून नावालाच मिळतं, अंड्याचा बलक किंवा मासे खाल्ले तर. सांगलीचं ऊन फुकट आहे, पण आम्ही स्कार्फ गुंडाळून, नाहीतर खिडकीच्या काचेआड बसतो, आणि कामाचे किरण काचेतून येतच नाहीत. रक्तात ते फारच कमी निघालं, तर वेगळा डोस डॉक्टरच ठरवतात.

काकूंवरचा माझा राग दोन दिवसांत गेला. डॉक्टरांवरचा जात नाही. चिठ्ठीवर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाखाली एक, दोन्हींसमोर "रात्री". दोन्ही एकदम गिळल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं, म्हणजे हिमोग्लोबिन वाढावं म्हणून घेतलेली गोळी निम्मी वाया. हे मला सांगितलं कंपाउंडरकाकांनी, तेही पैसे मोजता मोजता: कॅल्शियम नाष्ट्याबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, लोह दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, वर चहा नको. माझा चहा नेमका तेव्हाच असतो. तपासणीचे पैसे मात्र डॉक्टरांनाच द्यावे लागले.