हँडओव्हर चार वाजता, केक साडेचारला

हाताखालच्या माणसाचा राजीनामा आला की तो लगेच वाचायचा नसतो. त्यात शेवटच्या दिवसाची तारीख असते, आणि एकदा ती वाचली की कामाला लागावं लागतं. तेव्हा 'बसून बोलू' एवढं उत्तर पाठवा आणि निदान तीन आठवडे बसू नका. माणूस थांबेल अशी आशा ठेवा. पगारवाढीचं काही बोलू नका, नुसतीच आशा ठेवा.

आमच्या महापेच्या ऑफिसात आम्ही हे सगळं गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, अगदी शास्त्रोक्त केलं. पगार बघणाऱ्या ताईंनी ७ जुलैला राजीनामा दिला. नोटीस ६० दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस ४ सप्टेंबर. ताई साडेअकरा वर्षं आमच्याकडे होत्या. चारशेच्या वर माणसांचा पगार त्या एकट्या काढायच्या, आणि तो दर महिन्याला आपोआप होतो असा वरच्या मंडळींचा समज होता. ठाण्याहून येणारी गाडी आणि घणसोलीहून ऑफिसपर्यंतची शेअर रिक्षा जितकी आपोआप होते, तितकाच.

आता पगाराच्या कामाचं एक दुखणं आहे. ते महिन्यातून एकदाच होतं. हजेरी २५ तारखेला बंद होते आणि महिनाअखेर पगार खात्यात पडतो. जे काही शिकण्यासारखं आहे ते या पाच-सहा दिवसांत. साठ दिवसांच्या नोटिशीत असे मुहूर्त दोनच येतात. एखादा उतावळा मॅनेजर असता तर त्याने हिशेब केला असता की जुलैचा पगार ताई काढतील आणि नवा मुलगा शेजारी बसून बघेल. ऑगस्टचा पगार नवा मुलगा काढेल आणि ताई हात मांडीवर ठेवून बघतील. हँडओव्हरची तारीख १ सप्टेंबर, आणि उरलेले तीन दिवस राहिलेल्या शंकांना. असं केलं की माणसाला काम येतं, आणि मग शेवटच्या दिवशी बोलायला विषयच उरत नाही. म्हणून तुम्ही जुलै बदली माणूस शोधण्यात घालवा. आम्हाला तो १ ऑगस्टला सापडला. जुलैचा पगार आदल्याच दिवशी झाला होता.

त्यानंतर केटीचं, म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्याला काम शिकवण्याचं, वेळापत्रक. ते एक्सेलमध्येच करायचं आणि शेवटचा रकाना 'स्टेटस' ठेवायचा, कारण वर पाठवायचा तोच असतो. आम्ही दर मंगळवारी आणि गुरुवारी अकरा ते बारा असे आठ सेशन आखले. १२ ऑगस्टला पहिलं आणि ४ सप्टेंबरला आठवं. शेवटचं सेशन, अंतिम हँडओव्हर आणि ताईंचा शेवटचा दिवस हे तिन्ही एकाच तारखेला आल्यामुळे वेळापत्रकाला एक रेखीवपणा आला, असं मला तेव्हा वाटलं होतं. हँडओव्हर चार वाजता, केक साडेचारला.

विषय लिहिताना मात्र जपून. विषय झाला की नाही हे कुणालाच सांगता येऊ नये, अशा बेताने लिहा. 'पेरोल: ओळख', 'पेरोल: सखोल', 'सर्व कायदेशीर कपाती', 'उर्वरित मुद्दे'. चुकूनही 'महिन्याच्या मध्यात नोकरीला लागलेल्या माणसाचा पगार काढून दाखवणे' किंवा 'पीएफची फाइल पोर्टलवर चढवून चलन काढणे' असं लिहू नका. अशा वाक्यांपुढे हिरवा रंग भरायचा तर खरंच चलन काढावं लागतं. काही ठिकाणी रिव्हर्स केटी नावाचं थेर चालतं. म्हणजे शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला काम करून दाखवायचं. दहा मिनिटांत कळतं की त्याला काय येत नाही. असलं काही कळून घ्यायची हौस कशाला?

पहिल्या सेशनला ताईंनी कंपनीत पगार कसा होतो ते सांगितलं. मुलाने वहीत 'पगार' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. दुसरं १४ तारखेला. त्यात सॉफ्टवेअरचा डेमो झाला आणि टीम्सवर रेकॉर्डिंगही केलं. सगळ्यांना हायसं वाटलं, कारण रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर लक्ष द्यावं लागत नाही. टीम्सचं मूळ सेटिंग कुणी बदललं नसेल तर असं रेकॉर्डिंग १२० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. १४ ऑगस्टला १२० दिवस मिळवले की १२ डिसेंबर येतो. कामगार कल्याण निधीचे २५ रुपये वर्षातून दोनदाच कापतात, जूनच्या आणि डिसेंबरच्या पगारातून. म्हणजे ते कसे कापायचे हे बघण्याची पहिली गरज पडेल, त्याच महिन्यात चित्रफीत गेलेली असेल. इतका नेमका योग ठरवून साधत नाही.

तिसरं सेशन १९ ऑगस्टला. त्या मंगळवारी पावसाने काय केलं ते मुंबई-ठाण्यातल्या कुणाला सांगायला नको. स्टेटसमध्ये 'पुढे ढकलले' लिहिलं. पुढे कुठे, ते रकान्यात मावलं नाही.

२१ तारखेला 'सर्व कायदेशीर कपाती', एका तासात. पीएफच्या फाइलशी आल्यावर ताईंनी आपली एक्सेल उघडली. पीएफच्या पोर्टलला साधी टेक्स्ट फाइल लागते. प्रत्येक माणसाची एक ओळ, ओळीत अकरा खाने, आणि दोन खान्यांच्या मध्ये स्वल्पविराम चालत नाही, `#~#` अशी खूण लागते. ताईंनी ती जोडणारं सूत्र शेवटच्या रकान्यात कधीचं लावून ठेवलेलं. त्यात चार-पाच ओळी पिवळ्या होत्या.

"ताई, हे पिवळं काय?" मुलाने विचारलं. तेवढाच एक प्रश्न त्याने सबंध केटीत विचारला, आणि तोही बरोबर जागी.

"अरे, ही अठ्ठावन्न पूर्ण झालेली माणसं. यांचा पेन्शनचा खाना शून्य करायचा आणि कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्ये टाकायचा. दर महिन्याला जन्मतारखा बघायच्या, कुणाचा..."

इथे मी घड्याळ दाखवलं. बारा वाजले होते आणि त्या खोलीत सेल्सवाल्यांची मीटिंग होती. वेळ पाळणं हे मॅनेजरचं काम आहे. पिवळ्याचा नियम सूत्रात नव्हता, ताईंच्या डोक्यात होता. सप्टेंबरमध्ये कोण अठ्ठावन्नचं होणार, हेही तिथेच.

व्यवसाय कराचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. झाला की. महाराष्ट्रात तो दरमहा २०० रुपये, आणि बाईचा पगार महिना २५ हजारांपर्यंत असेल तर नाही. इतकं सांगून झालं. फेब्रुवारीत तो २०० नसून ३०० असतो, हे राहिलं. ऑगस्टमध्ये फेब्रुवारीची आठवण कुणाला येते? जे काम वर्षातून एकदाच उगवतं ते नोटिशीच्या काळात दिसत नाही, म्हणून त्याची वेगळी यादी करावी असं म्हणतात. बारा महिन्यांची नावं एकाखाली एक लिहायची आणि प्रत्येकासमोर 'या महिन्यात वेगळं काय' असं विचारायचं. ताईंना ती यादी करायला अर्धा तास पुरला असता. तो अर्धा तास आम्ही त्यांच्याकडून एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म भरून घेण्यात वापरला.

पुढची तीन सेशन २६ आणि २८ ऑगस्टला व २ सप्टेंबरला होती. गणपती २७ ला. नवा मुलगा चिपळूणकडचा. तो २४ ला गावी गेला तो गौरी-गणपतींचं विसर्जन करून ३ सप्टेंबरला उगवला. मी त्याला जरा रागावून विचारलं, आधी सांगता येत नव्हतं का? तो म्हणाला, "सर, कोकणच्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मी तिकीट जूनमध्येच काढलेलं." नोटीसही साठ दिवसांचीच होती. फरक एवढाच की त्याने पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता खिडकी गाठली होती.

त्यामुळे ऑगस्टचा पगारही ताईंनी एकटीने काढला. ती तीन सेशन मात्र वाया जाऊ द्यायची नाहीत. रकान्यात 'स्वयंअध्ययन' लिहा आणि हिरवा भरा.

४ सप्टेंबरला चार वाजता हँडओव्हर झाला. म्हणजे ताईंनी तेवीस फाइलींचं एक फोल्डर दिलं, मुलाने 'मिळाले' असा मेल टाकला, मी त्यावर 'उत्तम' लिहिलं. साडेचारला केक. सहा वाजता आयटीवाल्यांनी ताईंचा आयडी बंद केला. या अख्ख्या प्रकरणात वेळेवर झालेली तेवढीच एक गोष्ट. त्या आयडीवर काय काय लोंबकळत होतं हे पुढच्या आठवड्यात कळलं. पोर्टलचा पासवर्ड बदलायचा तर दुवा ताईंच्याच मेलवर जायचा. बँकेत पैसे पाठवण्याची नोंद करणाऱ्या त्याच, आणि ओटीपी त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर. बँकेत ते नाव बदलायला सही-शिक्क्याचं पत्र लागतं आणि दिवस लागतात. म्हणून हे काम नोटिशीच्या पहिल्या आठवड्यात सुरू करतात, असं बँकेतल्या बाईंनी मला फार शांतपणे सांगितलं. पीएफ भरायची शेवटची तारीख १५. आम्ही १५ लाच भरला. कसा, ते लिहिण्यासारखं नाही.

आणि मग ताईंचाच हिशेब. गेलेल्या माणसाचा अंतिम हिशेब पगारवाला काढतो, आणि पगारवाला आता तो मुलगा. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यावी लागते. तेवीस फाइलींत 'ग्रॅच्युइटी' नावाची एक होती. उघडली तर आत ताईंच्या अक्षरातल्या कागदाचा फोटो, तोही आडवा. शेवटी त्याने त्यांनाच फोन लावला. ताई तेव्हा ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या नव्या ऑफिसात, जेवायच्या सुट्टीत होत्या.

"ताई, तुमचं बेसिक सव्वीस हजार. भागिले सव्वीस, गुणिले पंधरा. पंधरा हजार आले. गुणिले अकरा वर्षं. एक लाख पासष्ट हजार. बरोबर ना?"

"किती वर्षं झाली माझी?"

"अकरा वर्षं सात महिने."

"सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात रे. बारा घे."

थोडा वेळ नुसता की-बोर्डचा आवाज. "एक लाख ऐंशी हजार. सॉरी ताई. हे केटीत नव्हतं."

"आठव्या सेशनला होतं," ताई म्हणाल्या. "'उर्वरित मुद्दे'. आता वही घेतलीयस ना? मग पिवळ्या ओळींचंही लिहून घे. माझा डबा खाऊन व्हायला अजून दहा मिनिटं आहेत."