यादी नाही ना? मग गाडीतळ आहे की!

तर तुमचं ठरलंय, ऊसतोड कामगारांची मुलं हंगामात शाळेत जातात का यावर थीसिस. गाईडला विषय आवडलाय, सिनॉप्सिस पास झालाय, आता एकच किरकोळ अडचण उरलीय की ज्यांना प्रश्न विचारायचेत त्यांची पूर्ण यादी कुणाकडेच नाही. गावच्या ग्रामसेवकाकडे जी नोंद असेल ती अर्धवट, आणि माणसं तर दिवाळीच्या आसपास बीड-परभणीकडून निघाली ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर थेट कर्नाटकात, मार्च-एप्रिलपर्यंत पत्ता रोज बदलणार. घाबरू नका. यादी नाही ही अडचण नाही, सुटका आहे. यादी असती तर खरंच चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या.

पहिली पायरी, 384. हा आकडा पाठ करा. लोकसंख्या माहीत नसेल तर 384, माहीत असेल आणि खूप मोठी असेल तरी 384. 95 टक्के खात्री आणि 5 टक्क्यांची चूक धरून येतो हा आकडा. तो फक्त तेव्हाच खरा असतो जेव्हा प्रत्येक माणूस सुटा सुटा, चिठ्ठी काढल्यासारखा निवडलेला असतो, पण हे वाक्य टेबलाच्या खाली असतं आणि टेबलाच्या खाली कोण वाचतं.

दुसरी पायरी, जागा. साखर कारखान्याच्या गेटपासून चालत पाच मिनिटांवर गाडीतळ असतो. शे-दोनशे कोप्या, म्हणजे झोपड्या, एका जागी, बैलं बांधलेली, समोर चहाची टपरी, मोबाईलला रेंज. शिवाय तुमच्या मामांची तिथे ओळख असणारच. एका संध्याकाळी 40 फॉर्म भरून होतात, दहा संध्याकाळी आलात की काम फत्ते. याला जुने लोक सोयीचा नमुना म्हणतात, तुम्ही मात्र ‘यादृच्छिक’ लिहा, कारण कोण भेटेल हे तुम्हाला आधी माहीत नव्हतंच ना?

आता गाडीतळावर कोण राहतं हे विचारायच्या भानगडीत पडू नका. तिथे बैलगाडीवाले राहतात. बैल काही पन्नास किलोमीटर ओढत नाही, त्यामुळे गाडीवाल्यांना कारखान्याच्या जवळचे फड मिळतात आणि मुक्काम हंगामभर बऱ्यापैकी एका जागी असतो. ट्रकटोळ्या आणि ट्रॅक्टरटोळ्या लांबच्या गावांत, फड संपला की पुढच्या गावात, कधी ओढ्याकाठी कधी शेताच्या बांधावर दहा-बारा कोप्या. त्यांची पोरं आठवड्याला गाव बदलतात. आणि साखरशाळा म्हणून जे काही उघडतात ते कुठे? कारखान्याच्या आवारात नाहीतर गाडीतळाजवळ. म्हणजे तुम्ही नेमके त्याच लोकांना विचारताय ज्यांच्या दारात शाळा आहे, आणि विचारताय काय, तर पोरगं शाळेत जातं का! वा. निष्कर्ष एकदम पॉझिटिव्ह येणार, कारखान्याचा एमडी प्रकाशन समारंभाला नारळ फोडायला येणार.

हिशोबच करायची हौस असेल तर गंमत म्हणून करा, आकडे माझे कल्पनेतले आहेत. समजा एका कारखान्याकडे 3000 कोयते आहेत (कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी, हे पुण्यातल्या वाचकांसाठी). त्यातले 1200 बैलगाडीचे, 1800 ट्रक-ट्रॅक्टरचे. गाडीतळावरच्या 60 टक्के कुटुंबांची मुलं शाळेत जातात आणि टोळ्यांमधल्या फक्त 20 टक्के. तर सगळ्यांचं मिळून खरं उत्तर 36 टक्के. तुमचं उत्तर 60. आणि इथे खरी मजा, 384 ऐवजी 1000 बैलगाडीवाल्यांना विचारलं तरी उत्तर 60च येतं, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

तिसरी पायरी, गाईडने ‘स्तरीकृत वापरा’ म्हटलं तर. काही कठीण नाही. तळावर बसून ठरवा की 192 पुरुष, 192 बायका, त्यातले इतके बीडचे इतके जालन्याचे, आणि कोटा भरेपर्यंत जो दिसेल त्याला धरा. मग लिहा ‘स्तरीकृत यादृच्छिक नमुना’. स्तर पाडले की नाही? पाडले. स्तराच्या आत निवड कशी केली, हा प्रश्न फक्त खडूस परीक्षक विचारतात. एक वाकड्या डोक्याची मैत्रीण आहे माझी, ती म्हणते की याला कोटा म्हणतात, स्तरात आतली निवड नशिबावर सोडली तरच तो स्तरीकृत, नाहीतर सोयीचाच नमुना चार खोक्यांत भरलेला. तिच्याकडे लक्ष देऊ नका, तिची पीएचडी लांबलीय.

तिचं ऐकून कसला वेळ जातो तेही सांगतो म्हणजे तुम्ही सावध राहाल. ती म्हणाली माणसांची यादी नसेल पण टोळ्यांची असते. आणि दुर्दैवाने खरंच असते. कारखाना हंगामाआधी तोडणी-वाहतुकीचे करार करतो, लाखोंची उचल देतो, मग कुठल्या मुकादमाकडे किती कोयते आणि वाहन कुठलं हे शेतकी ऑफिसच्या रजिस्टरला लिहिलेलं असतंच, पैसे दिलेत ना. मजुरांची नावं नसतात, टोळी असते. झालं, हिला तेवढंच पाहिजे होतं. हे तिचं क्लस्टर, म्हणजे आधी गट निवडायचा आणि मग गटातली माणसं. आणि रजिस्टरमध्ये वाहनाचा प्रकार लिहिलेला असल्यामुळे बैलगाडी एका बाजूला आणि ट्रक-ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला, असे स्तरही पाडले, एकाही मजुराचं नाव माहीत नसताना. म्हणजे आपण स्तरीकृत की क्लस्टर यावर कँटीनमध्ये भांडत बसलो होतो आणि ही बाई दोन्ही एकात एक घालून मोकळी.

पुढे तर हद्द. 40 टोळ्या घ्यायच्या, प्रत्येकीतून 5 कोयते. आकडे वरचे कल्पनेतलेच धरा, कोयत्यांच्या प्रमाणात म्हणून 16 टोळ्या बैलगाडीच्या, 24 ट्रक-ट्रॅक्टरच्या. पण टोळ्या सरसकट चिठ्ठीने काढल्या तर 6 कोयत्यांच्या टोळीतल्या माणसाला 20 कोयत्यांच्या टोळीतल्या माणसापेक्षा जास्त संधी मिळते, कारण दोन्हीकडून घ्यायचे पाचच. म्हणून तिने रजिस्टरवर कोयत्यांची चढती बेरीज मांडली. ट्रकवाल्यांचे 1800 भागिले 24, म्हणजे 75. 1 ते 75 मधला एक आकडा चिठ्ठीने काढला, 31 आला. मग 31, 106, 181 असं 75-75 ने पुढे, ज्या टोळीच्या बेरजेत तो आकडा पडेल ती टोळी घ्यायची. मोठ्या टोळीला निवडलं जायची संधी जास्त, आत गेल्यावर पाचात येण्याची कमी, गुणाकार केला की प्रत्येक कोयत्याची संधी सारखीच, पंधरात एक. बैलगाडीकडे 1200 भागिले 16, तेही 75. एवढं करण्यापेक्षा मामांना फोन सोपा नाही का?

मी तिला मदत करायला म्हणून गेलो होतो दोन टोळ्यांवर, त्याचा पश्चात्ताप अजून आहे. कारखान्याच्या चिटबॉयला विचारत विचारत संध्याकाळी पोचायचं, कारण पहाटे चारला सगळे फडात. पोचल्यावर आधी कोप्या मोजायच्या, वहीत नकाशा काढायचा, नंबर टाकायचे आणि मग त्यातले पाच चिठ्ठीने. रजिस्टरला 10 कोयते आणि जागेवर 14, मग ते लिहून ठेवायचं कारण तिथल्या प्रत्येक फॉर्मला 14 भागिले 10 असं वजन द्यावं लागतं. निवडलेल्या कोपीत कोणी नाही, सगळे गाडी भरायला गेलेत. मी म्हटलं शेजारच्या कोपीत विचारू, म्हातारी बसलीच आहे. ती म्हणाली, जी बाई रात्री दहापर्यंत ऊस भरते तिचीच पोरं घरी धाकट्याला सांभाळत असतात, तिला वगळून रिकाम्या बसलेल्या घरी गेलास तर पुन्हा गाडीतळच झाला. तीन वेळा परत जायचं, तरी नाही भेटली तर ‘भेटली नाही’ असं लिहायचं, बदली नाही. साडेनऊला पुन्हा गेलो. भेटली. मुलगी खरंच शाळेत नव्हती. (माझी एक चूक सांगतो, पहिल्या टोळीवर मुकादमाला शेजारी बसू दिलं. पाचही जणांनी मुलं शाळेत जातात असं सांगितलं आणि पाचांपैकी एकालाही शाळेचं नाव आठवेना.)

एवढं करून हाती काय, तर 200 फॉर्म. आणि तेही पूर्ण 200 नाहीतच म्हणे! एका टोळीतली माणसं एकाच गावची, एकाच फडावर, शाळा लांब तर सगळ्यांनाच लांब, म्हणून पाचवा फॉर्म पहिल्यासारखाच येतो. ती हे सूत्र लिहायची:

```
deff = 1 + (m - 1) * rho
```

deff म्हणजे टोळीने निवडल्यामुळे फॉर्मांची ताकद किती पटीने घटते, m म्हणजे एका टोळीतले फॉर्म, rho म्हणजे टोळीतली माणसं एकमेकांसारखी किती. rho 0.3 धरला तर 5-5 घेऊन deff 2.2, म्हणजे 200 फॉर्म सुट्या 91 फॉर्मांच्या बरोबरीचे. मी म्हटलं मग 20 टोळ्यांतून 10-10 घेऊ, फिरणं निम्मं. तर deff 3.7 आणि हातात फक्त 54. फॉर्म तेवढेच, टोळ्या कमी केल्याचा दंड. आणि 384 ची ताकद हवी असेल तर 5-5 ने 384 गुणिले 2.2, म्हणजे साधारण 845 फॉर्म, 169 टोळ्या. ती म्हणाली नाही झेपणार, 200 वर थांबते आणि चुकीची पट्टी रुंद आहे असं स्पष्ट लिहिते. बघा, स्वतःहून लिहिणार की मला नीट माहीत नाही! गुऱ्हाळांवरचे मजूर आणि कर्नाटकात गेलेले या रजिस्टरमध्ये नाहीत, हेसुद्धा तिने पहिल्याच पानावर लिहिलंय.

अशा लोकांमुळे संशोधनाचं वातावरण बिघडतं. ती गाडीतळावरही गेली होती एकदा, 15 फॉर्म भरले, पण फक्त प्रश्न लोकांना कळतात का हे बघायला. ‘नियमित उपस्थिती’ म्हणजे काय हे कुणालाच कळलं नाही, म्हणून तिने ‘गेल्या आठवड्यात किती दिवस गेली’ असं केलं आणि ते 15 फॉर्म बाजूला ठेवले. भरलेले फॉर्म! मोजलेच नाहीत!

तुम्ही तसं करू नका. तुमचे 384 गाडीतळावर तयार आहेत, चहा पण चांगला मिळतो. व्हायवाला कोणी विचारलंच की यात एकही ट्रकटोळी का नाही, तर शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधनास वाव’ असं उपशीर्षक असतं, तिथे बोट ठेवा.